शंभराचे त्र्याण्णव कसे झाले? बाबांचा सरकारी रोखा आणि वाढलेला व्याजदर

जानेवारी 2022 मध्ये आम्ही बाबांच्या नावावर तीन लाखांचे सरकारी रोखे घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यातले एक लाखाचे विकले. मधल्या पाच महिन्यांत रोख्याचा भाव शंभरावरून त्र्याण्णवच्या आसपास आला. सरकार बुडालं नव्हतं, व्याज थांबलं नव्हतं, तरी भाव का पडला हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. ज्यांच्या घरात निवृत्तीचा पैसा आहे आणि "सरकारी म्हणजे सुरक्षित" एवढ्यावर जे रोख्यांकडे वळतायत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. बाबांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना तेव्हाच्या पंधरा लाखांच्या मर्यादेपर्यंत भरलेली होती. तिथे 7.4 टक्के मिळत होते. उरलेल्या पैशाला बँकेची मुदत ठेव सहा-सव्वासहा टक्के देत होती. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने 'रिटेल डायरेक्ट' सुरू केलं. घरबसल्या, दलाल न ठेवता, किमान दहा हजारांपासून सरकारी रोखे घेता येतात आणि खातं उघडायला किंवा चालवायला शुल्क नाही, हे वाचून बाबांनीच विषय काढला. "अगं, थेट रिझर्व्ह बँकेकडेच खातं, मग भीती कसली?"

खातं उघडायचं ते rbiretaildirect.org.in वर. पॅन, आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बचत खातं, रद्द केलेला चेक आणि वारसाची माहिती एवढं हाताशी ठेवावं. आमचं घोडं अडलं ते नावात. बाबांच्या पासबुकात आडनाव आधी आणि पुढे नुसती आद्याक्षरं, पॅनवर मात्र पूर्ण नाव. पडताळणीत ते जुळेना. शाखेत जाऊन अर्ज दिला, पॅनची प्रत जोडली, नाव दुरुस्त व्हायची वाट पाहिली आणि मग पुन्हा सुरुवात केली. आईवडिलांसाठी खातं उघडणार असाल तर पहिल्याच दिवशी पासबुक, पॅन आणि आधार शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघा. बाकी प्रक्रिया सोपी आहे. ओटीपी येत राहतात, म्हणून ज्यांच्या नावावर खातं त्यांनी फोन घेऊन शेजारी बसावं.

शुक्रवार, 14 जानेवारी 2022 च्या लिलावात सरकारने नवा दहा वर्षांचा रोखा आणला. रोखा नवा असला की त्याचा व्याजदर लिलावातच ठरतो. तो ठरला 6.54 टक्के, म्हणून रोख्याचं नाव '6.54% जीएस 2032'. आपल्यासारख्यांनी दर सांगायचा नसतो, फक्त रक्कम सांगायची. मोठ्या बँका आणि संस्था बोली लावतात आणि त्यांच्या बोलींच्या भारित सरासरीने आपल्याला वाटप होतं. पैसे बोली टाकतानाच भरावे लागतात, जास्तीचे गेले असले तर नंतर परत येतात. नेट बँकिंगचं शुल्क लागत असेल तर तेवढं आपण सोसायचं. सोमवारी, 17 तारखेला, खात्यावर तीन लाखांचे रोखे दिसले. भाव जवळजवळ शंभर. हिशेब सोपा राहावा म्हणून पुढे सगळीकडे मी शंभरच धरलाय.

रोखा म्हणजे काय ते इथे एकदा नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सरकारने आपल्याकडून 100 रुपये घेतले. बदल्यात दर 17 जुलैला आणि 17 जानेवारीला 3 रुपये 27 पैसे द्यायचं कबूल केलं, आणि 17 जानेवारी 2032 ला शेवटच्या हप्त्याबरोबर 100 रुपये परत. म्हणजे 3.27 चे वीस हप्ते आणि शेवटी 100. हे आकडे दहा वर्षं हलत नाहीत. बाजारात काहीही होवो, 3.27 चे 3.28 होणार नाहीत. भाव का पडतो त्याचं उत्तर या न हलण्यातच आहे, पण जानेवारीत आम्हाला ती फक्त खात्री वाटत होती.

4 मे 2022, बुधवार. आदल्या दिवशी अक्षय्य तृतीया झाली होती. एलआयसीच्या शेअरविक्रीचा तो पहिला दिवस, म्हणून बाबा सकाळपासून टीव्हीसमोर होते. दुपारी दोनच्या सुमारास रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास अचानक पडद्यावर आले. ठरलेली बैठक नसताना रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, 4 वरून 4.40 टक्के केल्याचं त्यांनी जाहीर केलं. संध्याकाळी मी सीसीआयएल या, सरकारी रोख्यांचे सौदे पुरे करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आमच्या रोख्याचे व्यवहार पाहिले. (मोठ्या संस्था एनडीएस-ओएम नावाच्या यंत्रणेवर आपसात जे सौदे करतात ते तिथे कुणालाही दिसतात.) भाव 94 च्या आसपास होता. तीन लाखांचे दोन लाख ब्याऐंशी हजार. बाबा काही बोलले नाहीत, पण रात्री जेवण अर्धवट टाकून उठले.

आमच्या इमारतीत एक काका आहेत. एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे जिथे बँकेच्या स्वतःच्या पैशातून रोख्यांची खरेदी-विक्री होते त्या विभागात, त्यांची सगळी नोकरी झाली. त्या रविवारी बाबा आणि मी त्यांच्याकडे गेलो. मी आधी तेच विचारलं जे सगळे विचारतात, "काका, सरकार व्याज तर देणारच आहे. मग किंमत कमी का?"

टेबलावर सोसायटीच्या सभेची नोटीस पडली होती. तिच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहायला सुरुवात केली. "असं समज, मी गिऱ्हाईक आहे. माझ्याकडे शंभर रुपये आहेत. आज बाजारात दहा वर्षांच्या सरकारी कागदावर साडेसात टक्के मिळतायत. आज नेमके तेवढे नाहीत, पण हिशेबाला धरू. म्हणजे सहा महिन्यांना 3 रुपये 75 पैसे. तुझ्या बाबांचा कागद देतो 3 रुपये 27 पैसे. सरकार तेच, मुदत जवळपास तीच. मी बाबांचा कागद शंभराला का घेऊ?"

"नाही घेणार."

"बरोबर. मग कितीला घेईन? बाबांचा कागद मला दर सहा महिन्यांना 48 पैसे कमी देतो, आणि असं वीस वेळा. 48 गुणिले 20 म्हणजे 9 रुपये 60 पैसे. एवढी तूट मला आज भरून दिलीस तर मी घेतो."

बाबांनी लगेच विचारलं, "म्हणजे भाव 90.40 हवा. तो तर 94 आहे."

"कारण ही तूट मला आज सोसायची नाहीये. काही सहा महिन्यांनी, काही पाच वर्षांनी, काही दहा वर्षांनी. पुढे कमी पडणाऱ्या 48 पैशांसाठी आज पुरते 48 पैसे कशाला हवेत? थोडे कमी द्या, ते साडेसात टक्क्यांनी वाढत वाढत तिथवर पोचतील." मग त्यांनी गणित मांडलं. सहा महिन्यांनी कमी पडणाऱ्या 48 पैशांचं आजचं मोल साधारण 46 पैसे. दहा वर्षांनी कमी पडणाऱ्या 48 पैशांचं आजचं मोल अवघे 23 पैसे. अशा विसांची बेरीज 6 रुपये 67 पैसे. शंभरातून 6.67 वजा केले की 93 रुपये 33 पैसे.

मला तिथे उजेड पडला. तोवर माझ्या डोक्यात असं होतं की व्याजदर वाढले की लोक घाबरून रोखे विकतात आणि म्हणून भाव पडतो. पण यात घाबरण्याचा संबंधच नाही. कुणीही एक रोखा विकला नाही तरी त्या कागदाचं मोल तेवढंच उरतं, कारण त्याचे हप्ते ठरलेले आहेत आणि नव्या कागदाचे हप्ते त्याहून मोठे आहेत. हप्ता बदलता येत नाही, म्हणून भाव बदलतो. 93.33 ला घेणाऱ्यालाही शेवटी वर्षाला साडेसात टक्केच पडतात. काही 3.27 च्या हप्त्यांतून, आणि उरलेले शेवटी 93.33 चे 100 होतात त्यातून. भावातून निघणाऱ्या या दरालाच बाजारात यील्ड म्हणतात. भाव खाली तर यील्ड वर, ही दोन वेगळी माणसं नव्हेत.

घरी येऊन मी एक्सेलमध्ये हेच करून पाहिलं. तुम्हीही करून बघा:

```
=PV(7.5%/2, 20, -3.27, -100)
```

उत्तर 93.33 येतं. 7.5% च्या जागी 6.54% टाका, बरोबर 100 येतं. 5.5% टाका, 107.92 येतं, म्हणजे दर उतरले की हाच रोखा शंभराच्या वर जातो, कारण आता त्याचे हप्ते नव्यापेक्षा मोठे ठरतात. आणि 20 च्या जागी 4 टाका, म्हणजे मुदत दोनच वर्षांची धरा. उत्तर येतं 98.25. दर तेवढाच वाढला, हप्ता तोच, पण घट पावणेदोन रुपये. तूट चारच हप्त्यांची आहे ना. मुदत जितकी लांब तितका फटका मोठा, हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं. आकड्यात पाहिल्यावर ते अंगी लागलं.

काकांनी दुसरी जी गोष्ट सांगितली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बाबा म्हणाले होते, "आपण 2032 पर्यंत ठेवू. शंभर परत मिळणारच, मग तोटा कुठे?" बहुतेक लेखांत हाच दिलासा असतो. काका म्हणाले, "शंभर मिळतील हे खरं. पण दहा वर्षं दर सहा महिन्यांना तुम्ही 48 पैसे कमी घेणार, जे आजचा माणूस जास्त घेतोय. विकलंत तर 6.67 एकदम जातात. ठेवलंत तर तेच हप्त्याहप्त्याने जातात. दोन्हीची किंमत एकच." बाबांना ते पटायला काही दिवस गेले. पण पटल्यावर त्यांची बेचैनी गेली, कारण "विकू की ठेवू" या प्रश्नातून तोटा बाजूला झाला. तो दोन्हीकडे सारखाच होता. उरला एवढाच प्रश्न, की पैसा कधी लागणार आहे.

आणि तो लागला. पावसाळ्याआधी सोसायटीने गच्चीचं गळतीकाम काढलं आणि प्रत्येक घराचा वाटा जवळपास लाखात गेला. आमच्यापुढे दोन मार्ग होते. ज्येष्ठ नागरिक योजना मुदतीआधी मोडायची, तर दंड कापला जातो आणि 7.4 टक्क्यांचं घर सुटतं. किंवा एक लाखाचे रोखे विकायचे. कागदावर मांडल्यावर रोखे विकणं सरळ स्वस्त दिसलं. पाच महिन्यांपूर्वी मी नक्की उलटं म्हटलं असतं, कारण "तोट्यात कसं विकायचं" हाच विचार पुढे आला असता.

विकायची प्रक्रिया अशी. रिटेल डायरेक्टमध्ये शिरून दुय्यम बाजाराच्या भागातून एनडीएस-ओएमवर जायचं. तिथे मोठा सौदा पाच कोटींच्या पटीत असतो. त्याहून लहान सगळे सौदे वेगळ्या कप्प्यात लागतात, त्याला ऑड लॉट म्हणतात. या कप्प्यात गर्दी कमी असते. जानेवारी 2022 मध्येच रिझर्व्ह बँकेने प्रायमरी डीलर, म्हणजे सरकारी रोख्यांच्या व्यवहारासाठी तिनेच मान्यता दिलेल्या संस्थांना या छोट्या गिऱ्हाइकांसाठी खरेदी-विक्रीचे भाव देत राहायला सांगितलं होतं, तरी मोठ्या बाजाराचा भाव आणि आपल्याला मिळणारा भाव यात अंतर राहतं. त्या आठवड्यात मोठ्या सौद्यांचा भाव 93.20 च्या आसपास दिसत होता आणि ऑड लॉटमध्ये आम्हाला मिळाला 92.90. लाखामागे तीनशे रुपये. भाव कितीवर पक्का करायचा हे ठरवण्याआधी सीसीआयएलवर मोठ्या सौद्यांचा भाव पाहून घ्यावा, म्हणजे समोरचा फार खाली मागतोय का ते कळतं. पहिल्या दिवशी आमच्या भावाला कुणी घेतलंच नाही. शुक्रवारी, 17 जूनला, सौदा जुळला आणि सोमवारी, 20 तारखेला, पैसे बाबांच्या बचत खात्यात आले.

आले किती? मी 92,900 ची वाट पाहत होते आणि आले 95,679 रुपये 50 पैसे. वरचे 2,779.50 हे 17 जानेवारीपासूनचं साचलेलं व्याज. पडद्यावरचा भाव हे व्याज सोडून असतो, घेणाऱ्याला ते वेगळं द्यावं लागतं, कारण जुलैचा पूर्ण हप्ता त्याच्या खिशात जाणार असतो. सरकारी रोख्यांत महिना सरसकट 30 दिवसांचा आणि वर्ष 360 दिवसांचं धरतात. 17 जानेवारी ते 20 जून झाले 153 दिवस. 6.54 गुणिले 153 भागिले 360 म्हणजे शंभरामागे 2.7795. तुम्ही घेणार असाल तर हीच रक्कम उलटी तुमच्याकडून जाईल, म्हणून भावापेक्षा थोडे जास्त पैसे खात्यात ठेवा.

उरलेल्या दोन लाखांचा हप्ता 17 जुलैला होता. तो रविवार होता, म्हणून पैसे सोमवारी जमा झाले. 6,540 रुपये, ठरल्याप्रमाणे. यातून टीडीएस कापला जात नाही, पण कर लागतो, तो विवरणपत्रात आपणच दाखवायचा.

त्यानंतरच्या महिन्यांत एक गंमतशीर गोष्ट नजरेस आली. रिझर्व्ह बँक दर वाढवतच राहिली. जूनमध्ये 4.90, ऑगस्टमध्ये 5.40, सप्टेंबरअखेर 5.90, डिसेंबरमध्ये 6.25, फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50. आमच्या हिशेबाने भाव आणखी कोसळायला हवा होता, पण दहा वर्षांचा दर मे 2022 मध्ये होता तिथेच, साडेसातच्या अलीकडे घुटमळत राहिला. काकांना विचारलं तर म्हणाले, "रेपो हा एका रात्रीच्या उसनवारीचा दर. दहा वर्षांचा दर म्हणजे पुढच्या दहा वर्षांत काय होईल याचा बाजाराचा अंदाज. रेपो चढणार हे बाजाराने आधीच धरलं होतं." मागे जाऊन पाहिलं तर खरंच, 4 मे उजाडण्याआधीच तो दर 7.1 च्या वर गेलेला होता. युक्रेनचं युद्ध, तेलाचे भाव, महागाई हे सगळं भावात उतरलं होतं. बातमी ऐकून रोखा घ्यायचा किंवा विकायचा विचार असेल तर हे ध्यानात ठेवा. दर वाढल्याची बातमी येते तेव्हा बरंचसं आधीच घडून गेलेलं असतं. धक्का फक्त न धरलेल्या भागाचा बसतो, जसा त्या अचानकच्या बुधवारी बसला.

2025 मध्ये चक्र उलटं फिरलं. जूनपर्यंत रेपो 5.50 वर आला आणि आमचा रोखा शंभराच्या वर गेला. बाबांनी विकला नाही. त्यांनी आता विचारायची पद्धतच बदलली आहे. वर्षभरात लागणारा पैसा असेल तर 364 दिवसांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारचाच कमी मुदतीचा कागद, त्याचा लिलाव बहुधा बुधवारी असतो आणि मुदत इतकी जवळ की भाव हलायला जागाच नसते. दहा वर्षं न लागणाराच पैसा दहा वर्षांच्या कागदात.

शेवटी कराचं, कारण यात आमची बरीच शोधाशोध झाली. आम्ही घेतल्यापासून बारा महिन्यांच्या आत विकलं, म्हणून शंभर आणि 92.90 मधला फरक, लाखामागे 7,100 रुपये, हा अल्पकालीन भांडवली तोटा धरला गेला. साचलेल्या व्याजाचे 2,779.50 त्यात मिसळायचे नाहीत, ते व्याजाच्या उत्पन्नात वेगळे दाखवायचे, असं आमच्या सीएंनी सांगितलं. हा तोटा दुसऱ्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो आणि उरला तर पुढची आठ वर्षं नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं लागतं. बाबांसाठी ती मुदत 31 जुलै 2023 होती. सौद्याची पावती आणि वाटपाचा ई-मेल दोन्ही त्या वेळी मागितले गेले, तेव्हा ते पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा.